चारशे डॉलर पूर्ण परत आले, मग रुपये कमी का?

वाचकाचे पत्र

माझी लेक न्यू जर्सीला असते. तिच्या होणाऱ्या बाळासाठी फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी मी नाशिकहून तिथल्याच एका दुकानाच्या संकेतस्थळावर बाबागाडी मागवली. कर आणि घरपोच पाठवणी धरून बरोबर ४०० डॉलर झाले. पैसे माझ्या इथल्या क्रेडिट कार्डावरून दिले. तिच्या मैत्रिणींनी तशीच गाडी आधीच भेट दिली होती, म्हणून तिने खोके न उघडताच परत केले. "पूर्ण परतावा दिला आहे" असा दुकानाचा मेल आला. पण माझ्या कार्डावरून एकंदर ३६,४८७ रुपये गेले होते आणि मार्चअखेर परत आले ३४,१६०. बाकीचे २,३२७ रुपये कुठे गेले? दुकानाला दोन कडक मेल लिहिले. ते म्हणतात, आम्ही सगळे दिले. बँक म्हणते, जेवढे आले तेवढे जमा केले. आमचे यजमान म्हणतात, सरळ तक्रार कर. बँकेचा डिस्प्यूटचा अर्ज भरून ठेवला आहे. पाठवू का?

उत्तर

ताई, तो अर्ज तूर्त पाठवू नका. दुकान आणि बँक यांपैकी कोणीतरी एक खोटे बोलत आहे, असे धरून तुम्ही दोघांकडे पाहत आहात. माझ्या अंदाजाने दोघेही खरे बोलत आहेत. फक्त तुमचे पैसे ज्या वाटेने गेले आणि आले, त्या वाटेबद्दल तुम्हाला नीट सांगण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नाही. मी बरीच वर्षे एका बँकेच्या कार्ड विभागात काम केले. विवरणपत्रांच्या दोन प्रती समोर ठेवून, एका रकमेभोवती लाल पेनाने गोल करून, "हे बघा, इथे फसवलंय" असे म्हणणारी अनेक माणसे मी टेबलापलीकडे पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी गोल चुकीच्या आकड्याभोवती केलेला असे. त्यांनी रुपयांभोवती केलेला असे, आणि पाहायला हवे होते डॉलरकडे.

म्हणून पहिले काम एवढेच करा. मार्चचे विवरणपत्र उघडा आणि परताव्याची ओळ शोधा. परदेशी चलनातील व्यवहार असेल, तर रुपयांच्या आकड्याच्या शेजारी किंवा खालच्या ओळीत मूळ चलनातील रक्कमही बहुधा छापलेली असते. तिथे USD 400.00 असे असेल, तर दुकानाने शब्द पाळला आहे आणि त्याच्याशी असलेला तुमचा हिशेब संपला आहे. विवरणपत्रावर डॉलरची रक्कम दिसत नसेल, तर बँकेच्या ग्राहकसेवेला एकच प्रश्न विचारा: माझ्या खात्यावर परतावा किती डॉलरचा आला? "किती रुपये आले" असे विचारलेत, तर तेच उत्तर पुन्हा मिळेल. आणि समजा तिथे ३८० किंवा ३९० डॉलर निघाले, तर मात्र दुकानाने परत पाठवणीचा खर्च किंवा काही वजावट कापून घेतली आहे आणि त्याचा जाब दुकानालाच विचारायला हवा. यापुढचे सगळे मी ४०० डॉलर पूर्ण आले आहेत असे धरून लिहिते आहे, कारण तुम्ही दिलेले रुपयांचे आकडे त्याच्याशी चोख जुळतात.

आता ज्या समजुतीवर तुमचा सगळा राग उभा आहे, तिच्याकडे वळू. परतावा म्हणजे आधीचा व्यवहार पुसून टाकणे, असे आपण मनात धरून चालतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वस्तू परत घेतली की तीच पाचशेची नोट तो पुन्हा हातावर ठेवतो, आणि ती नोट सकाळी पाचशेची होती तशी संध्याकाळीही पाचशेचीच असते. परदेशी चलनात तसे घडत नाही. तुमच्या कार्डावर एक व्यवहार होऊन तो रद्द झाला, असे झालेले नाही. तिथे दोन स्वतंत्र व्यवहार झाले. फेब्रुवारीत तुमच्या रुपयांनी ४०० डॉलर विकत घेतले गेले आणि दुकानाला दिले गेले. मार्चमध्ये दुकानाकडून ४०० डॉलर आले आणि ते विकून रुपये करून तुमच्या खात्यात भरले गेले. सहलीला जाताना कोणी डॉलर विकत घेतो आणि महिन्याने परतल्यावर उरलेले विकायला जातो, तेव्हा त्याला घेतानाचा भाव मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले, फक्त डॉलर तुमच्या डोळ्यांसमोर आले नाहीत. दुकानाने तुमच्याकडून रुपये कधी घेतलेच नव्हते. त्याने ४०० डॉलर घेतले आणि ४०० डॉलर दिले. त्याच्या दृष्टीने "पूर्ण परतावा" हे शब्द अक्षरशः खरे आहेत.

मग २,३२७ रुपयांचा हिशेब लावू. तुमच्या ३६,४८७ रुपयांची फोड मी उलट्या बाजूने करून पाहिली आणि ती अशी बसते. दुकानाने रक्कम प्रत्यक्ष उचलली, त्या दिवशी कार्डाच्या नेटवर्कने, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या मधल्या यंत्रणेने, एका डॉलरला ८७ रुपये ६० पैसे असा दर लावला. ४०० डॉलरचे झाले ३५,०४० रुपये. त्यावर तुमच्या बँकेने परदेशी चलनातील व्यवहाराचे शुल्क घेतले. याला बँकेच्या भाषेत मार्कअप म्हणतात आणि आपल्याकडच्या अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्के असते. ३५,०४० वर साडेतीन टक्के म्हणजे १,२२६ रुपये ४० पैसे. या शुल्कावर, फक्त शुल्कावर, १८ टक्के जीएसटी लागतो. तो झाला २२० रुपये ७५ पैसे. तिन्हींची बेरीज ३६,४८७ रुपये १५ पैसे, म्हणजे तुमचाच आकडा.

विवरणपत्रात हे तिन्ही आकडे एका ओळीत सापडतीलच असे नाही. पहिल्या ओळीत दुकानाचे नाव आणि ३५,०४० रुपये असतील. मार्कअप काही बँका त्याच दिवशी वेगळ्या ओळीत दाखवतात, तर काही महिनाभराचा एकत्र करून शेवटी टाकतात, FCY MARKUP FEE किंवा तशाच एखाद्या त्रोटक नावाने. जीएसटीची ओळ त्याहून वेगळी असते. तिथे दुकानाचे नाव नसल्यामुळे ती रक्कम बाबागाडीशी जोडलेली आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तुम्ही या सगळ्यांची बेरीज करून ३६,४८७ हा आकडा काढलात, यावरून तुम्ही विवरणपत्र काळजीने वाचता हे दिसते. पुष्कळ लोक फक्त ३५,०४० ची ओळ पाहतात आणि त्यांचे खरे नुकसान किती झाले, हे त्यांना कधी कळतच नाही.

आता परतीचा प्रवास. मार्चअखेर दुकानाचे ४०० डॉलर आले, तेव्हा नेटवर्कने ८५ रुपये ४० पैसे दर लावला आणि ३४,१६० रुपये जमा झाले. दरातील २ रुपये २० पैशांच्या फरकामुळे ८८० रुपये गेले. यातला मोठा भाग बाजारातील चढउताराचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर साडेसत्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. मार्चमध्ये रुपया सावरला आणि महिना संपता संपता डॉलर साडेपंच्याऐंशीच्या जवळ आला. तुम्ही महागात डॉलर घेतले आणि स्वस्तात विकले गेले, निव्वळ तारखांच्या योगायोगाने. उरलेला थोडा भाग खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांतील अंतराचा आहे. पैसे जाताना लागणारा दर आणि परत येताना लागणारा दर एकाच दिवशीसुद्धा तंतोतंत सारखा असेल असे नाही, जसा सराफाकडे सोने घेण्याचा भाव वेगळा आणि मोडण्याचा वेगळा असतो.

पण ८८० रुपये म्हणजे तुमच्या नुकसानाचा धाकटा हिस्सा आहे. मार्कअप आणि त्यावरील जीएसटी मिळून १,४४७ रुपये १५ पैसे परताव्यासोबत आलेच नाहीत, आणि ते दर पडला असता किंवा चढला असता तरी आले नसते. दुकानाकडून फक्त ४०० डॉलर येतात. बँकेने घेतलेले शुल्क दुकानाच्या खिशात कधी गेलेच नव्हते, त्यामुळे दुकान ते परत कुठून देणार?

हा मुद्दा मी थोडा लांबवते, कारण "डॉलर उतरला म्हणून पैसे कमी आले, पुढच्या वेळी डॉलर चढला तर जास्त येतील" असा दिलासा अनेक जण एकमेकांना देतात आणि तो बहुतेक वेळा फोल ठरतो. साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावरचा कर मिळून ४.१३ टक्के होतात. म्हणजे तुमचे सगळे रुपये परत येण्यासाठी परताव्याच्या दिवशी डॉलरला ९१ रुपये २२ पैसे दर मिळायला हवा होता. एका महिन्यात एवढी उडी सहसा होत नाही. त्याच हिवाळ्याचे पाहा. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८५ रुपयांच्या थोडा खाली होता आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तो साडेसत्याऐंशीपर्यंत गेला. रुपयाची ही घसरण जोराचीच होती. समजा कोणी डिसेंबरमध्ये ८५ च्या दराने ४०० डॉलरची वस्तू घेतली आणि फेब्रुवारीत ८७ रुपये ३० पैशांच्या दराने परतावा मिळाला. त्याचे शुल्क आणि करासह गेले ३५,४०४ रुपये आणि आले ३४,९२०. डॉलर एवढा चढूनही तो ४८४ रुपयांनी खालीच राहिला.

तेव्हा तुमच्या दोन रकमा वेगळ्या ठेवा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ८८० रुपयांबद्दल भांडण्यासारखे काही नाही. नेटवर्कने लावलेला दर बरोबर आहे का, एवढे मात्र तुम्ही घरबसल्या तपासू शकता. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर चलनाचे गणक आहे. त्यात दोन्ही चलने आणि तारीख घाला आणि बँकेच्या शुल्काच्या रकान्यात शून्य ठेवा. तारीख खरेदी केलेल्या दिवसाची न घालता व्यवहार खात्यावर पक्का नोंदवला गेला त्याच्या जवळपासची घाला, कारण तुम्ही बटण दाबले त्या दिवशी बँकेने फक्त रक्कम अडवून ठेवलेली असते आणि दर पक्का होतो तो दोन-तीन दिवसांनी हिशेब मिटवला जातो तेव्हा. तुमच्या बाबतीत आकडा पैशा-दोन पैशांनी इकडेतिकडे असला, तर सोडून द्या. रुपया-दीड रुपयाचा फरक दिसला, तर बँकेला लेखी विचारा. तो प्रश्न रास्त आहे.

१,४४७ रुपयांसाठी मात्र मी तुम्हाला एक पत्र लिहायला सांगेन, आणि ते दुकानाला नव्हे, बँकेला. इथे माझे मत स्पष्ट आहे. बँकेची बाजू अशी असते की चलन बदलून देण्याची सेवा आम्ही दिली, तुम्ही वस्तू ठेवली की परत केली याच्याशी आमचा संबंध नाही. कागदावर ही बाजू टिकते. पण पूर्ण रक्कम त्याच वाटेने परत आलेली असताना, ज्या खरेदीतून ग्राहकाच्या हाती काहीच उरले नाही, तिचे साडेतीन टक्के शुल्क ठेवून घेणे मला कधीच पटले नाही, मी त्या टेबलाच्या अलीकडे बसत होते तेव्हाही नाही. काही बँका विनंती आल्यावर, विशेषतः ग्राहक जुना असेल तर, मार्कअप उलटवतात, आणि शुल्कासोबत त्यावरचा जीएसटीही मागून पाहावा. आपण मागितले नाही, तर ते आपोआप होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पत्र लिहिण्यापूर्वी तुमच्या कार्डाची मुख्य अटींची पुस्तिका काढा. बँकेच्या संकेतस्थळावर ती MITC या नावाने असते. त्यात परदेशी चलनाच्या शुल्काचा परिच्छेद शोधा आणि परतावा आल्यास काय, याबद्दल काही म्हटले आहे का ते पाहा. तिथे "परताव्यावर मार्कअप परत दिला जाणार नाही" असे स्पष्ट लिहिले असेल, तर तुमचे पत्र ही विनंती आहे, हक्काची मागणी नव्हे, आणि तिचा सूर तसाच ठेवा. काहीच लिहिलेले नसेल, तर सूर थोडा ठाम ठेवायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट त्याच वेळी तपासा: परताव्याच्या रकमेवरही बँकेने पुन्हा मार्कअप कापला आहे का? तुमचा आकडा ३४,१६० असा नेमका ८५ रुपये ४० पैशांनी भागला जातो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तसे वाटत नाही. पण गणकातील दरापेक्षा परतावा तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी आलेला दिसला, तर दोन्ही दिशांना शुल्क घेतले गेल्याची शंका घ्यावी आणि पुस्तिकेत त्याला आधार आहे का, हे लेखी विचारावे.

पत्रात रागाचे एकही वाक्य नको. एवढे पुरेल:

"माझ्या कार्डावर अमुक तारखेला ४०० अमेरिकी डॉलरची खरेदी झाली आणि अमुक तारखेला त्याच दुकानाकडून ४०० अमेरिकी डॉलरचा पूर्ण परतावा जमा झाला. मूळ व्यवहारावर आकारलेले परदेशी चलन शुल्क १,२२६ रुपये ४० पैसे आणि त्यावरील जीएसटी २२० रुपये ७५ पैसे परत मिळावेत, ही विनंती. विनंती मान्य होत नसल्यास कोणत्या अटीनुसार, ते कृपया कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. "नियमात बसत नाही" असे तोंडी सांगणे सोपे असते. नियमाचा क्रमांक लिहून देताना अधिकाऱ्यालाही तो उघडून पाहावा लागतो. हे पत्र मेलने किंवा बँकेच्या ॲपमधून पाठवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा शुल्काचा आधारच दाखवता आला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते. मात्र बँकेने अट दाखवून दिली आणि ती तुमच्या पुस्तिकेत खरोखर असेल, तर तिथे थांबा. लोकपाल अटींचा भंग पाहतो; दोन्ही बाजूंनी मान्य केलेली अट आपल्याला जाचक वाटते, म्हणून तो ती बदलून देणार नाही.

आता तुमच्या भरून ठेवलेल्या अर्जाबद्दल. डिस्प्यूट म्हणजे बँकेमार्फत दुकानावर केलेला दावा: वस्तू आलीच नाही, रक्कम चुकीची घेतली, परतावा कबूल करून दिलाच नाही, अशा कारणांसाठी तो असतो. तुमचा परतावा आलेला आहे आणि दुकानाकडे त्याची नोंद आहे. अर्ज पाठवलात, तर दुकान ती नोंद पुढे करेल आणि दावा फेटाळला जाईल. दरम्यान उत्तर देण्याचा त्रास आणि बहुतेक वेळा शुल्काचा भुर्दंडही त्याच्या माथी बसेल. तुमची लेक त्याच भागात राहते आणि बाळासाठी त्याच दुकानातून आणखी खरेदी करण्याची शक्यता आहे, तेव्हा हे टाळलेलेच बरे. ज्या वाचकांना परतावा मुळीच दिसत नाही, त्यांचे प्रकरण वेगळे. त्यांनी दुकानाकडे परताव्याचा एआरएन मागावा. हा २३ अंकी क्रमांक दिला की बँकेला ती रक्कम कुठे अडकली आहे ते शोधता येते. आणि तरीही ती सापडली नाही, तर डिस्प्यूटचा अर्ज त्यांच्यासाठीच आहे.

चूक दुकानाची असती, म्हणजे मोडकी किंवा भलतीच गाडी आली असती, तर मी तुम्हाला दुकानाकडेही जायला सांगितले असते. अशा वेळी "तुमच्या चुकीमुळे मला चलनबदलात इतके डॉलर खर्च आला" असे विवरणपत्रासह लिहिले, तर काही दुकाने तेवढ्या रकमेचे कूपन देतात. तुमच्या बाबतीत गाडी उत्तम होती आणि ती नको झाली घरच्या कारणाने. त्यामुळे त्या दुकानाकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

तुमच्यासारख्या अनेक आजी-आजोबांची मुले परदेशात आहेत आणि इथल्या कार्डावरून तिथल्या तिथे भेट पाठवणे आता रोजचे झाले आहे, म्हणून पुढच्या वेळेसाठी थोडे सांगते. तुमच्या या व्यवहारात सर्वांत स्वस्त वाट एक होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही: परतावा घ्यायलाच नको होता. अमेरिकेतील पुष्कळ दुकाने वस्तू परत घेताना पैशांऐवजी तेवढ्याच रकमेची दुकानाची जमा, म्हणजे स्टोअर क्रेडिट, देतात. ४०० डॉलरचे ४०० डॉलरच राहिले असते, रुपयांत यायचा प्रश्नच नव्हता, आणि तुमच्या लेकीने त्यातून पाळणा, दुपटी, जे हवे ते घेतले असते. भेट म्हणून मागवताना गिफ्ट रिसीटचा पर्याय निवडला, तर भेट मिळालेल्या माणसाने वस्तू परत केल्यावर बहुधा असेच क्रेडिट त्याच्या नावावर मिळते. बाबागाडी परत गेली आहे, तेव्हा या खेपेला ही संधी गेली. पुढच्या वेळी मात्र लेकीला परत करण्याआधी एक फोन करायला सांगा.

दुसरे, विचार बदलणार असेल, तर तो लवकर बदलावा. वस्तू गोदामातून निघण्यापूर्वी मागणी रद्द केली आणि दुकानाने रक्कम अजून उचललेली नसेल, तर बँकेने अडवून ठेवलेली रक्कम तशीच मोकळी होते. चलन प्रत्यक्षात बदललेलेच नसते, म्हणून ना दराचा फरक पडतो ना मार्कअप लागतो. खरेदी रद्द करणे आणि खरेदी परत करणे यांत पैशांच्या हिशेबाने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ते यामुळे. अनेक दुकाने वस्तू रवाना करतानाच रक्कम उचलतात, त्यामुळे हे एक-दोन दिवस मोलाचे असतात.

तुमचे यजमान कदाचित म्हणतील, पुढच्या वेळी रुपयांतच पैसे दे, म्हणजे कटकट नको. परदेशी संकेतस्थळांवर पैसे देताना "डॉलरमध्ये द्यायचे की रुपयांत" असा पर्याय काही वेळा येतो. तो सरळ वाटतो, पण तिथे रुपयांचा दर दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तिचा नफा त्या दरातच मिसळलेला असतो. तो दर नेटवर्कच्या दरापेक्षा बऱ्याचदा काही टक्क्यांनी महाग असतो. शिवाय दुकान परदेशी असल्यामुळे रुपयांतल्या अशा व्यवहारावरही आपल्याकडच्या काही बँका वेगळे शुल्क लावतात. परताव्याच्या बाबतीत मात्र या वाटेला एक गुण असू शकतो: दुकानाने रुपयांतलीच मूळ रक्कम परत केली, तर दराचा फटका बसत नाही. तसे दुकान करेल की त्या दिवसाच्या दराने पुन्हा हिशेब करेल, हे परताव्याच्या अटींत वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून वस्तू नक्की ठेवायची असेल, तर दुकानाच्याच चलनात पैसे द्यावेत, असे माझे मत आहे. मापाचे कपडे किंवा बूट यांसारखे परत जाण्याची दाट शक्यता असलेले काही असेल, तरच रुपयांचा पर्याय अटी वाचून विचारात घ्यावा.

आणि अशी खरेदी वरचेवर होणार असेल, तर परदेशी चलनावर मार्कअप नसलेले कार्ड घेण्याचा विचार करा. आपल्याकडे काही बँका अशी कार्डे देतात. वार्षिक शुल्क आहे का आणि मार्कअपची माफी कायमची आहे की मर्यादित, एवढे पाहून घ्या. तसे कार्ड असते, तर तुमचे १,४४७ रुपये मुळात गेलेच नसते आणि नुकसान ८८० रुपयांवर थांबले असते. डॉलर भरून ठेवलेल्या प्रीपेड फॉरेक्स कार्डावर परतावा डॉलरमध्येच जमा होतो, म्हणून तिथे दराचाही प्रश्न येत नाही. पण वर्षातून एका भेटीसाठी असे कार्ड काढून त्यात डॉलर भरण्या-काढण्याचे शुल्क देणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही.

बँकेचे पत्र या आठवड्यातच पाठवा, मार्चचे विवरणपत्र हाताशी आहे तोवर. त्याच बैठकीत दुकानालाही दोन ओळी लिहा की, ४०० डॉलर मिळाले, फरक चलनबदलाचा आणि माझ्या बँकेच्या शुल्काचा होता, आधीच्या दोन मेलबद्दल दिलगीर आहे. लेकीला मात्र २,३२७ रुपयांचा आकडा आत्ताच सांगू नका. आपण खोके परत केले म्हणून आईचे पैसे गेले, असे तिला या दिवसांत वाटायला नको.